शोधनिबंधातील ‘कार्यपद्धती’ विभागाचा मराठी अनुवाद: कर्मणी रचना आणि भूतकाळाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजी निबंधाच्या या विभागात बहुतेक वाक्ये पॅसिव्हमध्ये असतात. मराठीतही प्रत्येक वाक्यात ‘गेले’ किंवा ‘करण्यात आले’ आणायचे का?

नाही, कारण मराठीच्या भूतकाळात ते काम बहुतेक वेळा आधीच झालेले असते. सकर्मक क्रियापद भूतकाळात आले की ते सहसा कर्माप्रमाणे बदलते: ‘नमुना कापला’, ‘पट्टी कापली’, ‘पट्ट्या कापल्या’. हा कर्मणी प्रयोगच आहे. कर्ता बहुधा ‘ने’ प्रत्यय घेऊन बाजूला उभा असतो आणि तो काढून टाकला तरी वाक्याचे काही बिघडत नाही. ‘आम्ही नमुने कापले’ आणि ‘नमुने कापले’ या दोन वाक्यांत क्रियापदाचे रूप एकच आहे, फरक फक्त ‘आम्ही’ या शब्दाचा.

इंग्रजी लेखक पॅसिव्ह दोन कारणांसाठी वापरतो. त्याला करणाऱ्याचे नाव घ्यायचे नसते आणि ज्या वस्तूवर प्रयोग झाला ती वाक्याच्या सुरुवातीला आणायची असते. मराठीत पहिली गोष्ट कर्ता गाळून होते आणि दुसरी शब्दक्रमाने. ‘नमुने मिलिंगने कापले. कडा पॉलिशकागदाने घासल्या.’ एवढ्यात दोन्ही हेतू साधले. क्रियापदाला आणखी शेपूट जोडायची गरज उरत नाही.

मग ‘कापले’, ‘कापले गेले’ आणि ‘कापण्यात आले’ यांत नेमका फरक काय?

‘कापले’ हे रोजच्या वापराचे रूप. कार्यपद्धतीतली बहुतेक वाक्ये याच रूपात नीट बसतात.

‘कापण्यात आले’ यात कोणीतरी ठरवून, योजनेनुसार ते काम केले असा अर्थ येतो. करणारा कोण हे मुद्दाम झाकलेले असते. शासकीय परिपत्रकांनी ही रचना इतकी वापरली आहे की ती सलग चार वाक्यांत आली की निबंधाला परिपत्रकाचा वास येऊ लागतो. शिवाय ती फक्त हेतुपूर्वक केलेल्या कृतीला शोभते. ‘द्रावण उकळण्यात आले’ चालते, पण ‘द्रावण गढूळ होण्यात आले’ असे कोणी म्हणत नाही.

‘कापले गेले’ ही रचना व्याकरणात ‘नवीन कर्मणी’ म्हणून ओळखली जाते. अनुवादात ती सगळ्यात जास्त दिसते आणि सगळ्यात कमी लागते. बोलण्यात तिला एक वेगळी छटा आहे: ‘बोलता बोलता माझ्याकडून पान फाडले गेले’, म्हणजे तसा विचार नव्हता, पण झाले. तीच छटा तांत्रिक वाक्यात नकळत शिरते. ‘नमुन्याचे टोक कापले गेले’ हे वाचून वाचकाला शंका येते, की हे मुद्दाम केले की यंत्रावर चुकून झाले? कृती ठरवून केलेली असेल तर हे रूप टाळावे. खरोखर अनवधानाने काही झाले असेल आणि मूळ लेखकाने ते नोंदवले असेल, तिथे मात्र हेच रूप अचूक ठरते.

कर्ता गाळल्यावर वाक्य कधी फसते?

आधीच्या वाक्यात दुसरा कोणी कर्ता येऊन गेला असेल तेव्हा. हे पाहा:

‘पत्रा उत्पादकाने 180 अंश सेल्सिअसला आठ तास तापवला. त्यातून नमुने कापले आणि त्यांची कठिणता मोजली.’

नमुने कोणी कापले? वाचक ‘उत्पादकाने’ हा शब्द पुढच्या वाक्यातही धरून ठेवतो आणि कठिणतासुद्धा उत्पादकानेच मोजली असे समजतो. इंग्रजीत ही अडचण येत नाही, कारण तिथे प्रत्येक पॅसिव्ह वाक्य स्वतःचा कर्ता स्वतः वगळते. मराठीत वगळलेला कर्ता मागून येऊन बसतो.

अशा जागी ‘-ण्यात आले’ खरोखर कामाला येते: ‘त्यातून नमुने कापण्यात आले.’ या रूपाने मागचा कर्ता तुटतो. त्यानंतरची वाक्ये पुन्हा साध्या रूपात चालू ठेवता येतात. दुसरा उपाय म्हणजे एकदाच ‘आम्ही’ लिहून टाकणे. मूळ निबंधात प्रथमपुरुष नसेल तर काही संपादकांना ते खटकते, पण अर्थ बदलत नाही.

कामे बाहेरून करून घेतली असतील तर मराठीकडे त्यासाठी स्वतंत्र क्रियापद आहे. ‘रासायनिक विश्लेषण दुसऱ्या प्रयोगशाळेकडून करून घेतले.’ ‘दुसऱ्या प्रयोगशाळेद्वारे विश्लेषण केले गेले’ यापेक्षा ते छोटे आहे, आणि काम सोपवले कोणी व केले कोणी हे दोन्ही त्यातून कळते.

इंग्रजी ‘वॉज’ आणि ‘वर’साठी ‘होता’, ‘होते’ लिहिणे बरोबर का नाही?

‘वर कट’ या दोन शब्दांतला ‘वर’ स्वतंत्र अर्थाचा नाही, तो पॅसिव्ह बनवणारा सहायक शब्द आहे. त्याच्या जागी ‘होते’ ठेवले की ‘कापले होते’ तयार होते, आणि तो मराठीत पूर्ण भूतकाळ आहे. त्याचा अर्थ, दुसरी एखादी घटना घडण्याच्या आधीच कापून झाले होते.

एका वाक्यात हे खपून जाते. पण सगळा परिच्छेद ‘कापले होते, घासले होते, बसवले होते, ताणले होते’ असा गेला की वाचक त्या ‘दुसऱ्या घटनेची’ वाट पाहत राहतो आणि ती येतच नाही. कृतींचा क्रमही सपाट होतो, कारण सगळ्याच गोष्टी कशाच्या तरी आधी घडून गेल्यासारख्या वाटतात.

पूर्ण भूतकाळ राखून ठेवावा तो खरोखर मागे जाण्यासाठी: ‘नमुने यंत्रावर बसवले. त्याआधी ते 24 तास पाण्यात बुडवून ठेवले होते.’ इथे ‘होते’मुळे क्रम स्पष्ट होतो.

‘लोडसेल जोडला’ की ‘लोडसेल जोडलेला होता’?

लोडसेल म्हणजे भार मोजणारा सेन्सर. इंग्रजीत ‘वॉज कनेक्टेड’ म्हणताना जोडण्याची कृती अभिप्रेत आहे की जोडलेली अवस्था, हे रूपावरून कळत नाही. मराठीत अनुवादकाला दोन्हींपैकी एक निवडावेच लागते. प्रयोगाची एक पायरी म्हणून तो जोडला असेल तर ‘जोडला’. यंत्राच्या रचनेचे वर्णन चालू असेल, म्हणजे यंत्र मुळातच तसे उभे असेल, तर ‘वरच्या पकडीला लोडसेल जोडलेला होता’.

संदर्भ पाहून हे ठरते. वाक्याभोवती ‘नंतर’, ‘प्रत्येक चाचणीपूर्वी’, ‘दर नमुन्यासाठी’ असे काही असेल तर ती कृती. आजूबाजूची वाक्ये यंत्राची क्षमता, मापे, भागांची जागा सांगत असतील तर ती अवस्था. चुकीची निवड केली तर प्रयोग पुन्हा करू पाहणाऱ्याला एक पायरी जास्त दिसते किंवा कमी. प्रत्येक नमुन्यासाठी थर्मोकपल नव्याने चिकटवला की तो भट्टीत कायमचा होता, यावर तापमानाच्या नोंदींचा अर्थ अवलंबून असतो.

‘केले’ आणि ‘झाले’ यांत गल्लत कशी टाळायची?

या पानावरचा हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. कार्यपद्धतीत दोन प्रकारच्या घटना असतात: संशोधकाने घडवलेल्या आणि पदार्थात आपोआप घडलेल्या. मराठीत हा फरक बऱ्याचदा एखाद्या स्वरावर किंवा ‘व’ या अक्षरावर तोललेला असतो: तापला आणि तापवला, वाळले आणि वाळवले, तुटला आणि तोडला, गळले आणि गाळले, थांबले आणि थांबवले.

भंगचिवटपणाच्या, म्हणजे भेग असलेला पदार्थ तुटायला किती विरोध करतो ते मोजण्याच्या, चाचणीचे उदाहरण घ्या. या चाचणीत आधी नमुन्यात खाच पाडतात, मग लहान चक्रीय भार देऊन त्या खाचेच्या टोकापासून एक बारीक भेग मुद्दाम वाढवतात आणि त्यानंतर मुख्य चाचणी घेतात. म्हणजे सुरुवातीची भेग संशोधकाने घडवलेली असते आणि पुढची वाढ हा चाचणीचा निकाल असतो. अनुवादात ‘चक्रीय भाराने 2 मिमी लांबीची भेग पडली’ असे लिहिले तर वाचक तो निकाल समजेल. ‘चक्रीय भाराने 2 मिमी लांबीची भेग पाडली’ असे लिहिले तर ती तयारी ठरते. एका कान्याने तयारीचा निकाल होतो, आणि मुद्रितशोधकाला यात काही खटकत नाही, कारण दोन्ही वाक्ये व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहेत.

इंग्रजी क्रियापदांवरून नेहमी उत्तर मिळत नाही. तिथे एकच क्रियापद सकर्मक आणि अकर्मक दोन्ही असू शकते. तेव्हा प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारावा: संशोधक तिथून निघून गेला असता तरी हे घडले असते का? ‘द्रावण सामान्य तापमानापर्यंत थंड झाले’ हे घडले असते, म्हणून ‘थंड होऊ दिले’. बर्फाच्या पाण्यात बुडवून थंड केले असेल तर ‘थंड केले’. ‘होऊ दिले’ ही रचना फार उपयोगी आहे, कारण निर्णय माणसाचा आणि घटना निसर्गाची, असे दोन्ही ती सांगते.

काही क्रियापदे मात्र दोन्हीकडे चालतात, आणि तिथे सावध राहायला हवे. ‘टाकीत द्रावण भरले’ म्हणजे कोणी भरले की साचत साचत भरले? ‘दोन्ही थर मिसळले’ म्हणजे ढवळून की आपोआप? अशा जागी ‘भरून घेतले’, ‘ओतले’, ‘ढवळून एकजीव केले’ किंवा उलट ‘एकमेकांत मिसळून गेले’ असे लिहून शंका संपवावी.

‘कापून, धुऊन, वाळवून’ अशी साखळी चालते का?

चालते, आणि छान चालते. इंग्रजीत तीन वेगवेगळी पॅसिव्ह वाक्ये असतील तर मराठीत ती एकात ओवता येतात आणि क्रमही टिकतो: ‘नमुने कापून, ॲसिटोनने धुऊन, हवाबंद पिशवीत ठेवले.’

अट एकच: ‘-ऊन’ची सगळी रूपे आणि शेवटचे क्रियापद यांचा करणारा एकच हवा. ‘नमुने ॲसिटोनने धुऊन दहा मिनिटांत वाळले’ हे वाक्य लंगडे आहे, कारण धुणारा माणूस आणि वाळणारे नमुने. करणारा बदलला की ‘-ऊन’ सोडून ‘-ल्यावर’ घ्यावे: ‘धुतल्यावर नमुने दहा मिनिटांत वाळले.’ हीच चूक ‘वापरून’ या शब्दाबरोबर सतत होते: ‘600 क्रमांकाचा पॉलिशकागद वापरून पृष्ठभाग गुळगुळीत झाला’. इथे ‘केला’ हवे.

एक पायरी पूर्ण संपल्याशिवाय दुसरी सुरू करायची नव्हती, हे सांगायचे असेल तर ‘सगळे नमुने कापून झाल्यावर’ असे लिहावे.

क्रियापदाचे लिंग-वचन कुठे चुकते?

‘-ण्यात आले’ लिहिताना सगळ्यात जास्त. अनेकजण ते एक गोठलेले शेपूट समजतात आणि ‘चाचण्या घेण्यात आले’, ‘कडा घासण्यात आले’ असे लिहितात. शेवटचे ‘येणे’ कर्माप्रमाणे बदलते: चाचण्या घेण्यात आल्या, कडा घासण्यात आल्या, वेग वाढवण्यात आला. कर्माला ‘ला’ लागला तरच रूप नपुंसकलिंगी एकवचनी राहते: ‘पट्टीला वाकवण्यात आले’. तो भावे प्रयोग झाला, आणि निर्जीव वस्तूला ‘ला’ लावायची गरज क्वचितच असते. ‘पट्टी वाकवली’ पुरते.

वेगवेगळ्या लिंगांची कर्मे एकत्र आली की क्रियापद सहसा शेवटच्या कर्माप्रमाणे चालते: ‘सिमेंट, वाळू आणि पाणी मिसळले.’ यादीचा क्रम बदलला की रूपही बदलायला हवे, आणि संपादनात नेमके तेच राहून जाते.

परकीय शब्दांचे लिंग पहिल्या पानावरच ठरवून कागदावर लिहून ठेवावे. ‘सेन्सर बसवला’ आणि पुढच्या पानावर ‘सेन्सर बसवले’ असे झाले तर वाचकाला सेन्सर एक की अनेक, हा खरा प्रश्न पडतो.

‘बाय’साठी ‘ने’, ‘द्वारे’ की ‘कडून’?

साधनाला ‘ने’: मायक्रोमीटरने मोजली, मिलिंगने कापले. माणसाला किंवा संस्थेला ‘ने’ किंवा ‘कडून’. ‘द्वारे’ बहुतेक ठिकाणी काढता येते. फक्त एका वाक्यात कर्ता आणि साधन दोघांनाही ‘ने’ लागत असेल, तर साधनापुढे ‘च्या साहाय्याने’ किंवा ‘वापरून’ घ्यावे.

सगळा विभाग भूतकाळातच हवा का?

जे प्रत्यक्ष केले ते भूतकाळात. जे आजही तसेच आहे ते वर्तमानात: यंत्राची क्षमता, समीकरणाचा अर्थ, आकृतीत काय आहे. ‘येथे E म्हणजे लवचिकता गुणांक’ या वाक्यात ‘होता’ आणले तर समीकरण कालबाह्य झाल्यासारखे वाटते. ‘तक्ता 2 मध्ये मापे दिली आहेत’ यात ‘आहेत’ हवेच.

उलट चूक प्रात्यक्षिकाच्या वह्यांमुळे होते. तिथे ‘नमुना घ्यावा’, ‘द्रावण गाळतात’ अशी भाषा असते. ती सवय निबंधात आणली तर ‘आम्ही असे केले’ हे विधान ‘असे करायचे असते’ असे बनते. लेखकाने नेहमीच्या पद्धतीपासून फारकत घेतली असेल तर हा फरक गंभीर आहे.

हळूहळू किंवा पुन्हा पुन्हा केलेल्या कृतींसाठी साधा भूतकाळ कधी तोकडा पडतो. तिथे ‘भार मिनिटाला 2 किलोन्यूटनने वाढवत नेला’ किंवा ‘दर दहा मिनिटांनी नोंद घेतली’ असे लिहावे. ‘घेतली जात होती’ची गरज क्वचितच भासते.

एक पूर्ण परिच्छेद करून दाखवाल का?

ॲल्युमिनियमच्या पत्र्याच्या ताणचाचणीचा परिच्छेद घेऊ. त्यात क्रॉसहेड म्हणजे नमुना ताणणारा यंत्राचा सरकता भाग, विकृती म्हणजे मूळ लांबीच्या तुलनेत झालेली वाढ, गेज लांबी म्हणजे ती वाढ जिथे मोजतात तो नमुन्याचा भाग आणि एक्स्टेन्सोमीटर म्हणजे ती मोजणारे उपकरण. शब्दाला शब्द ठेवून केलेला कच्चा मसुदा असा होतो:

> नमुने 3 मिमी जाडीच्या पत्र्यापासून मिलिंगद्वारे कापले गेले होते. कडा 600 क्रमांकाच्या पॉलिशकागदाद्वारे घासण्यात आले. नमुने ॲसिटोनद्वारे स्वच्छ केले गेले आणि हवेत वाळवून पकडींमध्ये बसले. 50 मिमी गेज लांबीचा एक्स्टेन्सोमीटर प्रत्येक नमुन्याला जोडलेला होता. क्रॉसहेडचा वेग मिनिटाला 2 मिमी ठेवला गेला होता. 5 टक्के विकृतीला एक्स्टेन्सोमीटर काढला गेला होता. गेज लांबीबाहेर तोडले गेलेले नमुने नाकारले गेले होते.

सुधारलेला:

> 3 मिमी जाडीच्या पत्र्यातून मिलिंगने नमुने कापले. त्यांच्या कडा 600 क्रमांकाच्या पॉलिशकागदाने घासल्या. नमुने ॲसिटोनने पुसून, हवेत वाळू देऊन पकडींमध्ये बसवले. प्रत्येक नमुन्यावर 50 मिमी गेज लांबीचा एक्स्टेन्सोमीटर लावला. क्रॉसहेडचा वेग मिनिटाला 2 मिमी ठेवला. विकृती 5 टक्क्यांवर पोचल्यावर एक्स्टेन्सोमीटर काढून घेतला. गेज लांबीच्या बाहेर तुटलेले नमुने निकालातून वगळण्यात आले.

‘होते’ सगळे गेले, कारण क्रम सरळ पुढे जातो. ‘बसले’चे ‘बसवले’ झाले, नाहीतर नमुने स्वतःहून पकडीत शिरले असते. ‘वाळवून’च्या जागी ‘वाळू देऊन’ आले, कारण पंखा किंवा ओव्हन वापरल्याचा उल्लेख मुळात नाही. एक्स्टेन्सोमीटर प्रत्येक नमुन्यासाठी नव्याने लावलेला आहे, म्हणून तिथे अवस्था नको, कृती हवी.

‘तोडले गेलेले’ आणि ‘तुटलेले’ यांतला फरक तर थेट विज्ञानाचा आहे. नमुना कुठे तुटेल हे पदार्थ आणि नमुन्याची घडण ठरवते, संशोधक ठरवत नाही. गेज लांबीच्या बाहेर तुटलेल्या नमुन्याची वाढ गेज लांबीत पूर्ण येत नाही, म्हणून तो वगळतात. वगळणे हा मात्र माणसाचा निर्णय आहे आणि तो चाचणीच्या ओघाबाहेर, नंतर घेतलेला. म्हणून अख्ख्या परिच्छेदात ‘-ण्यात आले’ एकदाच, तिथे ठेवले.

‘मोजले जाऊ शकले नाही’ याला दुसरा पर्याय आहे का?

आहे, आणि तो प्रत्येक मराठी माणूस रोज वापरतो: ‘मोजता आले नाही’. हेही कर्माप्रमाणे बदलते: विकृती मोजता आली नाही, ताण मोजता आला नाही, कोन मोजता आले नाहीत. मात्र ‘मोजता आली नाही’ आणि ‘मोजली नाही’ यांत फरक राखावा. पहिल्यात प्रयत्न केला पण जमले नाही, दुसऱ्यात प्रयत्नच केला नाही. मूळ लेखकाने उपकरणाची मर्यादा सांगितली असेल आणि अनुवादात ‘मोजली नाही’ आले, तर परीक्षकाला तो निष्काळजीपणा वाटेल. उलट, लेखकाने एखादे माप सरळ घेतलेच नसेल तर ‘मोजता आले नाही’ लिहून त्याला सबब पुरवू नये.